'नाक' वाचलं, पण 'कान' वाचता येतं का?

पहिलीचा वर्ग नव्यानं हातात आला की बऱ्याच शिक्षकांचे जून-जुलै मुळाक्षरांचा तक्ता पाठ करून घेण्यात जातात. पोरं 'ज्ञ'पर्यंत ओरडून म्हणतात, पण मधल्याच अक्षरावर बोट ठेवलं की परत 'अ'पासून सुरू करतात. मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळांत पहिलीला शिकवून माझं मत पक्कं झालंय: तक्ता भिंतीवर असू द्या, वाचन मात्र छोट्या अक्षरगटांनी सुरू करा.

माझा पहिला गट म, क, न, र आणि सोबत काना. एवढ्यावरच मामा, काका, नाना, मका, कान, नाक, मान, राम असे घरातले शब्द तयार होतात. 'भ' मुद्दाम लांब ठेवते, कारण तो 'म'सारखा दिसतो. घ आणि ध यांचंही तसंच, एक पक्कं झाल्याशिवाय दुसरं आणायचं नाही. वेलांटीत आधी दुसरी, मग पहिली. पहिली वेलांटी अक्षराच्या अलीकडे काढतात आणि उच्चारात मात्र पलीकडे येते, तिथं पोरं हमखास अडखळतात.

खरी मेहनत जोडून वाचण्यात आहे. 'क ला काना का' असं म्हणायची सवय लागली की मूल शब्दाच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरतं. म्हणून 'क' आणि 'का' ही कार्डं शेजारी ठेवून दोन्हींचा आवाज सरळ ऐकवायचा, कान्याचं नाव घ्यायचं नाही. मग 'मा' आणि 'मा' ही दोन कार्डं हातभर अंतरावर ठेवायची. मूल बोट ठेवून म्हणतं, मा... मा. कार्डं थोडी जवळ सरकवायची, पुन्हा म्हणायला लावायचं. कार्डं चिकटली की थांबा संपतो आणि मूल स्वतःच हसून म्हणतं, "मामा!"

शब्दांचा क्रमही पाहावा लागतो. मामा, मका, नाना हे आधी, कारण शेवटचं अक्षर पूर्ण उच्चारलं जातं. 'काम', 'नाक' यांत शेवटच्या अक्षरातला 'अ' बोलताना गळतो. मूल 'का-म' असं दोन्ही अक्षरं पूर्ण म्हणून वाचतं आणि शब्द ओळखीचा वाटत नाही म्हणून गप्प बसतं. तेव्हा चूक म्हणू नका. "आता पटकन म्हण. घरी आई काय करते म्हणतो आपण?" एवढं विचारलं की 'काम' निघतं.

आता तपासणी. एकेका मुलाला जवळ घेऊन पाच सुटी अक्षरं आणि पाच शब्द वाचायला द्यायचे, दोन मिनिटांत होतं. दोन वर्ग एकाच शिक्षकाकडे असले तर रोज चार-पाच मुलं घ्यावीत. पण शब्द नीट निवडा. माझ्या वर्गातली एक मुलगी 'नाक' धडाधड वाचायची. तिच्यापुढे 'कान' ठेवलं, तरी 'नाक'च. काना दिसला, दोन अक्षरं दिसली, बाकी अंदाज. म्हणून राम-मार, मान-नाम, नाक-कान अशा उलटापालट होणाऱ्या जोड्या हव्यात आणि सोबत 'रानाम', 'नामार' असे बिनअर्थाचे दोन शब्द. बिनअर्थाचा शब्द पाठ असूच शकत नाही. तो वाचला म्हणजे मूल खरंच जोडतंय.

पाचपैकी चार आले तर पुढचा गट. नाही आले तर नेमकं कुठं अडलं ते बघा. सुटं अक्षरच ओळखू येत नसेल तर त्या अक्षराचा सराव. अक्षरं येतात पण शब्द जुळत नाही, तर परत कार्डं सरकवणं. त्या मुलीला अक्षरं येत होती, नजर मात्र पहिल्या अक्षरावर ठरत नव्हती. तिला काही दिवस शब्दावर कागद धरून एकेक अक्षर उघडत वाचायला लावलं, मग जोड्या सुटल्या.

आपल्याकडे आणखी एक घोळ होतो. 'पाणी' समोर ठेवलं की पोरगं 'पानी' म्हणतं. घरी तसंच बोलतात, तांड्यावरून येणाऱ्या मुलांची तर घरची भाषाच वेगळी. न आणि ण ची कार्डं पुढं ठेवून 'पाणीतलं कोणतं?' विचारा. बरोबर बोट ठेवलं तर वाचन बरोबर धरा, उच्चाराचं काम वेगळं आणि सावकाश.

दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या घरांतली मुलं मार्च-एप्रिलला परत येतात. त्यांना सरसकट 'अ'पासून बसवू नका. पहिल्या गटाची तपासणी घ्या, मग दुसऱ्याची, आणि जिथं चारच्या खाली आले त्याच गटात बसवा. सहसा अक्षरं टिकलेली असतात, जोडणं गेलेलं असतं, आणि कार्डं सरकवायला सुरुवात केली की ते लवकर परत येतं.