अंगावर उठलेली प्रत्येक गांध पित्ताची नसते: सुरवंट किंवा खाजकुयली लागल्यावर या चुका टाळा

जानेवारीतली गोष्ट. जांबोटीकडच्या एका वाडीतून एक मावशी दवाखान्यात आल्या. "डॉक्टरबाई, तीन दिवस झाले, पित्त काय बसेना झालंय. आमसूल लावलं, मेडिकलमधल्या गोळ्या खाल्ल्या, वांगं-अंडी सगळं बंद केलंय." त्यांच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत तीन-चार लांब लाल रेघा होत्या. एकेका रेघेवर मोहरीएवढे पुरळ ओळीनं उठलेले. मानेच्या डाव्या बाजूला तसाच एक पट्टा. पोट, पाठ, मांड्या मात्र अगदी स्वच्छ.

माझ्या मनात शंका आली ती या स्वच्छ पाठीमुळे. पित्त उठतं तेव्हा ते आतून उठतं. त्वचेतल्या पेशींमधून हिस्टामिन नावाचं द्रव्य सुटतं आणि फुगीर गांधी येतात. आज दंडावर, संध्याकाळी मांडीवर, उद्या पाठीवर. सुरवंटाची किंवा खाजकुयलीची कुसं बाहेरून टोचतात, म्हणून जिथं घासली तिथंच, घासल्याच्या दिशेनं रेघ उठते.

मग त्यांना मी एकच विचारलं, रेघा उठायच्या आदल्या दिवशी काय केलंत? बांधावरचं वाळकं जळण तोडून डोक्यावरून आणलं होतं. दिवाळीनंतर आपल्याकडं बांधाच्या झुडपांवर चढलेल्या खाजकुयलीच्या शेंगा वाळतात, आणि त्यांच्यावरची सोनेरी-तपकिरी मखमल नुसत्या वाऱ्यानंही झडते.

पहिली चूक: न तपासताच पित्त म्हणणे

घरच्या घरी करता येईल अशी एक परीक्षा आहे. उठलेल्या गांधीभोवती साध्या बॉलपेननं गोल काढा आणि शेजारी वेळ लिहा. २४ तासांनी बघा. पित्ताची एकेक गांध बहुधा २४ तासांच्या आत मागमूस न ठेवता विरते. नव्या उठतात, पण दुसरीकडे, त्यामुळे आपल्याला वाटतं की पित्त चार दिवस हललंच नाही. गोलातली रेघ दुसऱ्या दिवशीही तिथंच असेल, वर बारीक खरखरीत पुरळ असेल, तर बहुतेक वेळा ते कुसांचं काम असतं. ते काही दिवस, कधी आठवडा-दोन आठवडेही टिकतं.

इथं फसवणारी दोन प्रकरणं आहेत. काहींच्या त्वचेवर नुसतं खाजवलं तरी फुगीर रेघ उमटते. तशी शंका आली तर हाताच्या स्वच्छ भागावर पेनच्या बोथट टोकानं एक रेघ ओढा. पाच-दहा मिनिटांत ती फुगून वर आली आणि तासाभरात विरली, तर तो त्वचेचा स्वभाव आहे, सुरवंटाचा दोष नाही. दुसरं म्हणजे पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा एक बारीक काळा-नारिंगी किडा. तो अंगावर चिरडला की एक-दोन दिवसांनी भाजल्यासारखा पट्टा उठतो, फोड येतात आणि खाजेपेक्षा आग जास्त होते.

दुसरी चूक: गोळीवर गोळी घेणे

मावशींची गोळी चुकीच्या दर्जाची नव्हती, तिचं कामच वेगळं होतं. पित्ताची गोळी हिस्टामिनला अडवते. खाजकुयलीच्या कुसात म्युक्युनेन नावाचं प्रथिनं तोडणारं द्रव्य असतं. ते त्वचेतल्या खाजेच्या तंतूंना वेगळ्याच वाटेनं चेतवतं, हे २००८ साली संशोधकांनी दाखवून दिलं. म्हणून खाज भयंकर असूनही पित्तासारखा भोवती पसरलेला लाल डाग फारसा दिसत नाही, आणि गोळीनं झोप आली तरी खाज तशीच राहते. सुरवंटाच्या कुसांमध्ये आणि आग्यासारख्या झाडांच्या केसांत हिस्टामिनचाही वाटा असू शकतो, म्हणून तिथं गोळीचा थोडा उपयोग होतो. पण कूस कातडीत तसंच असेल तर कुठलीही गोळी ते बाहेर काढत नाही.

तिसरी चूक: चोळणे

खाज आली की हात आपोआप जातो, आणि तिथंच घोळ होतो. टॉवेलनं पुसलं किंवा पाण्यानं खसाखसा चोळलं की कुसं मोडून आत रुततात आणि बोटांवरून मानेला, डोळ्याला लागतात. मावशींच्या हातावर टॉर्चचा तिरपा उजेड टाकून भिंगातून पाहिलं, तेव्हा तिसऱ्या दिवशीही दोन-तीन सोनेरी कुसं चमकत होती.

आधी चिकटपट्टी घ्या. पार्सलला लावायची रुंद पट्टी चालते. ती रेघेवर हलकी दाबायची आणि उचलायची. प्रत्येक वेळी नवा तुकडा घ्यायचा, तोच परत लावला तर काढलेली कुसं पुन्हा टोचतात. पाच-सहा वेळा केल्यावर वाहत्या पाण्याखाली साबणाचा फेस न चोळता सोडायचा, आणि मग दहा मिनिटं गार पाण्याची घडी ठेवायची. सूज फार असेल तर डॉक्टरांना विचारून सौम्य स्टेरॉइड मलम काही दिवस लावता येतं.

आपल्याकडं खाजकुयलीवर शेण लावतात. त्यामागचं निरीक्षण खोटं नाही, शेण वाळून निघताना कुसं त्याला चिकटून येतात. पण खाजवून सोललेल्या कातडीवर शेण म्हणजे धनुर्वाताला आमंत्रण, आणि तेच काम चिकटपट्टी करते.

चौथी चूक: कपडे विसरणे

पट्टीनं हात मोकळा झाला, तरी मानेवरचा पट्टा रोज सकाळी ताजा का होतो, हे मला कळेना. मग मावशींनी पिशवीतून चुंबळीचं फडकं काढलं. त्याच फडक्यावर भारा ठेवून आणला होता, आणि थंडी म्हणून पहाटे तेच गळ्याला गुंडाळत होत्या. ते धुतलेलं नव्हतं. अशी फडकी, ओढण्या, शर्ट बाहेरच झटकू नका, कुसं उडतात. तशीच अलगद उचलून बादलीत बुडवा आणि बाकी कपड्यांपासून वेगळी धुवा.

पावसाळ्यात हाच प्रकार शेवग्याखाली होतो. दिवसा बुंध्यावर केसाळ सुरवंट झुबक्यानं बसलेले असतात आणि तिथंच दोरीवर बाळाचे लंगोट वाळत असतात. दोरी दुसरीकडं बांधा.

कुठं थांबायचं नाही

डोळ्यात कूस गेलं तर पट्टी नाही, चोळणं तर नाहीच. स्वच्छ पाण्यानं डोळा धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जा, कारण सुरवंटाच्या केसाला उलटे काटे असतात आणि तो आत सरकत जातो. आणि सुरवंट लागल्यावर रेघेपुरतं न राहता सगळ्या अंगावर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर किंवा उलटी झाली, तर ती खरी ॲलर्जी आहे. तेव्हा पेनचे गोल काढत बसू नका, लगेच १०८ ला फोन करा.

मावशींनी फडकं धुतलं आणि गोळ्या थांबवल्या. चौथ्या दिवशी मानेवर नवी रेघ उठली नव्हती. हातावरच्या जुन्या रेघा तपकिरी होऊन जायला मात्र आणखी आठवडा लागला.