नदीवरच्या मोटारीला सॉफ्ट स्टार्टर की व्हीएफडी? आधी गेज वाचा

पंचगंगेवरून माळाच्या उसाला पाणी उपसणाऱ्या मोटारीचा जुना स्टार-डेल्टा बदलायचा म्हटलं, की ‘व्हीएफडी घ्या, बिल निम्म्यावर येईल’ असा सल्ला हमखास मिळतो. सॉफ्ट स्टार्टर मोटार फक्त हळू सुरू आणि बंद करतो; व्हीएफडी हर्ट्झ बदलून तिचा वेगही कमी-जास्त करतो. हा सल्ला तुमच्या पाइपलाइनला लागू आहे का, हे एका प्रेशर गेजवर तपासता येतं.

गेज नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि स्लुईस व्हॉल्व्ह यांच्यामध्ये बसवा. पाइप भरलेला असताना तीन आकडे लिहून घ्या: मोटार बंद पण स्लुईस उघडा, मोटार चालू आणि पाणी वाहतंय, मोटार चालू पण स्लुईस पूर्ण बंद. हा शेवटचा आकडा मिनिटभरात उरका, पंपातलं पाणी तापतं. एक किलो दाब म्हणजे सुमारे 10 मीटर. प्रत्येक आकड्यात गेजपासून खाली नदीच्या पाण्यापर्यंतची उंची मिळवा.

समजा 50 एचपीच्या पंपावर 40, 48 आणि 60 मीटर आले. 40 हा निव्वळ चढ, घर्षण फक्त 8. वेग कमी केला की घर्षण घटतं, चढ मात्र तेवढाच राहतो, आणि पंपाचा दाब वेगाच्या वर्गाने पडतो. 40 भागिले 60, त्याचं वर्गमूळ 0.82; गुणिले 50 हर्ट्झ, म्हणजे 41. त्याखाली पंप नुसता पाणी घुसळत बसतो. 45 हर्ट्झला पाणी साधारण दोन तृतीयांश येतं, पाळी दीडपट लांबते. लिटरमागे वीज वाचते ती फार तर दहा टक्के, त्यातूनही ड्राइव्हचा स्वतःचा खर्च वजा. थ्री फेज ठरावीक तासच मिळत असताना हा सौदा आतबट्ट्याचा. इथे स्वस्त सॉफ्ट स्टार्टरच घ्यावा, बायपास कॉन्टॅक्टरसह.

करंट लिमिट फुल लोडच्या तीन-साडेतीन पटीवर ठेवा. मोटार पूर्ण वेग न घेता घुमत राहिली, तर थोडं वाढवा; व्होल्टेज कमी असेल तेव्हा हे हमखास होतं. सॉफ्ट स्टॉप 10 सेकंदांपासून सुरू करून व्हॉल्व्ह आपटल्याचा आवाज थांबेपर्यंत वाढवत न्या. पण लाइट गेली की सॉफ्ट स्टॉप चालत नाही, व्हीएफडीही नाही. तो दणका सोसायला चांगला नॉन-रिटर्न आणि एअर व्हॉल्व्हच लागतात.

आता चित्र पालटा. सपाट रानात ठिबक आहे, कधी सहा प्लॉट चालू, कधी दोनच, आणि दाब आवरायला तुम्ही रोज स्लुईस आवळता. आवळलेल्या व्हॉल्व्हवर जळणारी वीजच व्हीएफडी वाचवतो. प्रेशर सेन्सर जोडून ठिबकला हवा तेवढाच दाब धरायला लावा. अपार्टमेंटमध्ये टाकीऐवजी थेट दाबाने पाणी द्यायचं असेल तरी हेच. मोटार पॅनेलपासून लांब, बोअरमध्ये असेल, तर आउटपुट फिल्टर बसवा, नाहीतर वाइंडिंगचं इन्सुलेशन फुटतं.

दोन्हींत इलेक्ट्रॉनिक कार्डं असतात, त्यामुळे नदीकाठी पॅनेल आजवरच्या सर्वांत उंच पुराच्या खुणेच्या वरच बसवा.