वाय-फायचा पासवर्ड विसरलात? कस्टमर केअरला फोन लावण्याआधी या चुका टाळा

आधी घरातले सगळे मोबाइल बघा. एक जरी फोन अजून वाय-फायला जोडलेला असेल, तर बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये वाय-फायच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘शेअर’ केलं की क्यूआर कोड दिसतो, बऱ्याचदा खाली पासवर्डही असतो. मग कस्टमर केअरला फोन करायची गरजच उरत नाही. तसा एकही फोन नसेल, तर पुढचं वाचा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे राउटरच्या मागच्या बारीक छिद्रात पिन खुपसून रीसेट करणं. पासवर्ड जातो हे खरं, पण त्यासोबत कंपनीने राउटरमध्ये भरलेलं इंटरनेटचं युजरनेम आणि सेटिंगही पुसलं जाऊ शकतं. मग वाय-फाय दिसतं, पण नेट चालत नाही, आणि पाच मिनिटांच्या फोनऐवजी तंत्रज्ञाची वाट बघावी लागते. कस्टमर केअरने सांगितल्याशिवाय त्या बटणाला हात लावू नका.

दुसरी चूक नंबर शोधण्यातली. ‘अमुक कंपनी कस्टमर केअर’ असं गुगलवर टाकून जो पहिला नंबर दिसेल तो लावू नका, तिथे भामट्यांनी टाकलेले नंबरही असतात. नंबर बिलावरून किंवा कंपनीच्या अ‍ॅपमधून घ्या. मुंबईत बऱ्याच इमारतींत नेट केबलवाल्याकडून येतं. तसं असेल तर पावतीवर त्याचाच नंबर असतो आणि काम तिथूनच होतं. राउटर तुम्ही स्वतः दुकानातून आणलेला असेल, तर कंपनी त्याचं सेटिंग बहुधा लांबून बदलू शकत नाही, हेही आधीच लक्षात घ्या.

पण सगळ्यात जास्त फोन अडतात ते ओळख पटवण्यावर. पलीकडचा माणूस कनेक्शन कोणाच्या नावावर आहे, ग्राहक क्रमांक काय, पत्ता काय हे विचारतो आणि नोंदणी केलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवतो. तो मोबाइल तुमच्या हातात नसेल, तर बाकी सगळी उत्तरं बरोबर असूनही काम होत नाही. यात त्याचा आडमुठेपणा नाही. नाहीतर शेजारचा कोणीही फोन करून तुमचं वाय-फाय बदलून घेईल.

एक उदाहरण घेऊ. भांडुपला भाड्याच्या घरात एक जोडपं राहतं. कनेक्शन घरमालक काकांच्या नावावर, आणि काका आता चिपळूणला असतात. भाडेकरू स्वतःच घरमालक असल्याचं सांगून बोलू लागतो, ओटीपी काकांच्या फोनवर जातो, काका बाजारात. काही मिनिटांत ओटीपी बाद. परत फोन, परत रांग. शिवाय खोट्या नावाने बोलणं चुकीचं आहेच.

बरोबर रीत अशी: आदल्या दिवशी काकांना फोन करा. “काका, वाय-फायचा पासवर्ड बदलायचाय. उद्या अकरा वाजता तुम्हीच कंपनीला फोन लावाल का? मी घरी राउटरजवळ असेन.” ग्राहक क्रमांक आणि राउटरखालच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर त्यांना आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. स्टिकरचा फोटो आत्ताच काढून ठेवा, राउटर उंचावर किंवा कपाटामागे असतो आणि फोन चालू असताना तो उलटा करायला गेलात तर वायर निसटते. त्याच स्टिकरवर सुरुवातीचा पासवर्डही असतो. तो कधी बदललाच नसेल तर तोच टाकून बघा. ‘लॉस’ किंवा ‘LOS’ लिहिलेला दिवा लाल असेल, तर अडचण पासवर्डची नसून फायबरची आहे, तक्रारही तशीच नोंदवायला सांगा.

ओटीपीबाबत एकच पक्कं धरा. तो सांगायचा असेल, तर फक्त तुम्ही स्वतः लावलेल्या फोनवर, आणि तोही मेसेज पूर्ण वाचून. मेसेजमध्ये नेट कंपनीचं नाव आणि काम दिसायला हवं. बँकेचं नाव किंवा रक्कम दिसली तर फोन ठेवा. थोड्या वेळाने ‘कस्टमर केअर’मधून उलट फोन आला आणि ओटीपी, यूपीआय पिन मागितला किंवा स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप घ्यायला सांगितलं, तरीही तेच करा. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर कळवा.

नवा पासवर्ड आधी ठरवून कागदावर लिहा, किमान आठ अक्षरांचा. त्यांनी तात्पुरता दिला तर अ‍ॅपमधून तुम्ही लगेच बदला. फोन ठेवण्याआधी एका मोबाइलवर जोडून बघा, आणि 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ असे दोन नावांचे सिग्नल असतील तर दोन्हींचा बदलला का ते विचारा. त्यानंतर टीव्ही, कॅमेरा, प्रिंटर यांत नवा पासवर्ड एकेकात भरावा लागेल. काकांचं नाव तसंच राहू द्या, पण त्यांच्या संमतीने संपर्कासाठी तुमचाही नंबर जोडता येतो का, हे त्याच फोनवर त्यांना विचारायला सांगा.