ब्रेक-इव्हन काढताना या चुका टाळा

ब्रेक-इव्हन म्हणजे ना नफा ना तोटा अशी विक्री. कुपवाड एमआयडीसीत हळद पावडर पॅक करणारा एक तरुण सलग तीन महिने तोट्यात होता, आणि तो का होतोय हेच त्याला कळत नव्हतं. माल एकच, ५०० ग्रॅमचं पाकीट. माझ्यासमोर वही ठेवून तो म्हणाला, "काका, दरमहा दोन लाख सत्तर हजारांची विक्री करतोय. ब्रेक-इव्हन तेवढाच येतो, मग खात्यातले पैसे का घटतायत?"

त्याचे आकडे असे होते. दुकानदाराकडून पाकिटामागे १२० रुपये मिळत, जीएसटी वेगळा. हळद, दळण, पिशवी, खोका आणि वाहतूक धरून बदलता खर्च ९० रुपये. म्हणजे एका पाकिटावर अंशदान, ज्याला आपण कॉन्ट्रिब्युशन म्हणतो, ३० रुपये. भाडं, पगार, कर्जावरचं व्याज आणि मशीनचा घसारा मिळून स्थिर खर्च महिन्याला ९०,००० रुपये.

इथवर सगळं बरोबर होतं. पुढे त्यानं ३० ला ९० नं भागलं, ३३.३३ टक्के आणले आणि ९०,००० ला त्यानं भागून २,७०,००० रुपये काढले. खर्चावरचा टक्का आणि विक्रीवरचा टक्का यातला फरक बाजारात फारसं कुणी करत नाही. व्यापारी "३३ टक्के सुटतात" म्हणतो ते खर्चावर. ब्रेक-इव्हनला मात्र विक्रीवरचंच प्रमाण लागतं, कारण आपण विक्रीची रक्कम शोधतोय. ३० भागिले १२० म्हणजे २५ टक्के. ९०,००० भागिले ०.२५ म्हणजे ३,६०,००० रुपये.

दोन लाख सत्तर हजारांत पाकिटं बसतात २,२५०. त्यांचं अंशदान ६७,५०० रुपये. दरमहा २२,५०० चा खड्डा आणि तीन महिन्यांत ६७,५०० गेले.

म्हणून मी आधी रक्कम काढतच नाही. आधी नग काढतो: ९०,००० भागिले ३०, म्हणजे ३,००० पाकिटं. मग त्याला १२० नं गुणतो, ३,६०,००० येतात. टक्क्याच्या वाटेनं तीच रक्कम आली तर ठीक, नाही तर कुठेतरी चूक आहे. शेवटी ३,००० पाकिटांचा बदलता खर्च, २,७०,०००, आणि स्थिर ९०,००० यांची बेरीज विक्रीएवढी भरते का ते पाहतो. दोन मिनिटांचं काम आहे. तरी मोबाइलवर एक भागाकार करून उठणारेच जास्त भेटतात, आणि त्यांची ही घाई मला खरंच सहन होत नाही.

दुसरी चूक पाकिटावरच्या एमआरपीची. पाकिटावर १५० छापलेत म्हणून अंशदान ६० धरायचं, की ब्रेक-इव्हन एकदम १,५०० पाकिटांवर उतरतो आणि माणूस खूश होतो. त्या १५० मध्ये दुकानदाराचा नफा आहे आणि सरकारचा ५ टक्के जीएसटीही आहे. तुमच्या बिलावर १२० अधिक ६ असे १२६ लिहिलेले असतात. त्यातले ६ रुपये तुमचे नव्हेतच. हिशेबात १२० धरायचे. योजनेत दुकानदाराला पाकिटं फुकट देत असाल, तर त्यांचा खर्चही त्या १२० मधूनच वजा करा.

काही जण स्थिर खर्च पाकिटावर वाटून घेतात. ४,००० पाकिटं खपतील असं धरून ९०,००० चे साडेबावीस रुपये पाकिटाच्या खर्चात घालतात, ३० चे साडेसात उरतात, आणि मग ९०,००० ला साडेसातनं भागून १२,००० पाकिटं काढतात. स्थिर खर्च एकदाच धरायचा, आणि तो भागाकारात वर, अंशातच ठेवायचा.

विजेच्या बिलात स्थिर आकार आणि युनिटचा आकार वेगळा लिहिलेला असतो. पहिला स्थिर खर्चात जातो, दळणाची युनिटं बदलत्यात.

साफ करताना आणि दळताना हळद घटते. शंभर किलो विकत घेतली की शंभर किलो पावडर मिळाली असं धरून बदलता खर्च काढू नका.

कर्जाचा पूर्ण हप्ता स्थिर खर्चात घालू नका, फक्त व्याज घाला. मुद्दल फेडायला रोख लागते हे खरं, त्यासाठी वेगळा रोखीचा हिशेब मांडा. त्यात घसारा काढून मुद्दल घालतात. आणि स्वतःचा पगार? तो आधी लिहा. दिवसभर मशीनपाशी उभं राहणाऱ्या मालकाची मजुरी शून्य नसते.

उत्तर ३,०००.४ आलं तर ३,००१ पाकिटं; खाली उतरवलं तर थोडा तोटाच राहतो.

मार्केट यार्डात हळदीचा भाव हलला की हा आकडा शिळा होतो. बदलता खर्च ९० वरून ९६ झाला, म्हणजे जेमतेम ६ रुपये वाढला, तर अंशदान २४ वर येतं, ब्रेक-इव्हन ३,७५० पाकिटांवर आणि ४,५०,००० रुपयांवर जातो. विक्रीदर तोच ठेवायचा असेल तर ७५० पाकिटं जास्त विकावी लागतील. दर ६ रुपयांनी वाढवून, जीएसटी सोडून, १२६ केला तर पाकिटं ३,००० च राहतात, रक्कम ३,७८,००० होते. दुकानदाराशी बोलायला जाण्याआधी हे दोन्ही आकडे मी त्याच्या वहीत शेजारी शेजारी लिहून दिले.