सजेस्ट, डिमांड, इन्सिस्ट यांच्यानंतर क्रियापदाचं मूळ रूप कसं वापरावं

मराठी ठराव, नोटिसा आणि अर्ज इंग्रजीत करून देणं हे माझं रोजचं काम. त्यात एक वाक्य हमखास ‘दुरुस्त’ होऊन परत येतं: ‘द कमिटी डिमांडेड दॅट द कॉन्ट्रॅक्टर कम्प्लीट द वर्क.’ कुणी ‘कम्प्लीट’ला एस लावतं, कुणी आधीचं ‘डिमांडेड’ पाहून ‘कम्प्लीटेड’ करतं. मूळ वाक्य बरोबर होतं. दोघांनीही ते बिघडवलं.

असं होतं याचं कारण शाळेत पक्के झालेले दोन नियम. कर्ता तृतीय पुरुषी एकवचनी असेल तर वर्तमानकाळात क्रियापदाला एस लागतो, आणि मुख्य वाक्य भूतकाळात असेल तर पोटवाक्यही भूतकाळात जातं. दोन्ही नियम खरे आहेत, पण ते घडलेल्या किंवा घडत असलेल्या गोष्टींसाठी आहेत. मागणीतली गोष्ट अजून घडलेलीच नसते. तिच्यासाठी इंग्रजीत वेगळं रूप आहे, सबजंक्टिव्ह. जुन्या इंग्रजीत या रूपाला स्वतःचे प्रत्यय होते. ते काळाच्या ओघात झिजले आणि हाती उरलं नुसतं मूळ क्रियापद. म्हणजे इथे एस गळालेला नाही, या रूपाला तो कधी नव्हताच. ‘शुड गाळलेलं असतं’ असं क्लासमध्ये सांगतात. लक्षात ठेवायला ते सोपं आहे, पण त्यामुळे मूळ रूप म्हणजे काहीतरी अर्धवट लिहिलेलं, असा समज पक्का होतो. तो मनातून काढा.

आता लिहायचं कसं ते पाहू. आधी मागणीचं क्रियापद, मग ‘दॅट’, मग कर्ता, मग मूळ रूप. ‘आय सजेस्ट हिम टु गो’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, पण या तिन्ही क्रियापदांना ती रचना चालत नाही. ‘आस्क’ आणि ‘ऑर्डर’ला चालते, म्हणून ती इथेही तोंडात येते. ‘आय सजेस्ट दॅट ही गो’ असंच लिहा.

मूळ रूप म्हणजे खरोखर मूळ रूप. ‘इज’, ‘वॉज’ यांच्या जागी ‘बी’ येतं: ‘डिमांडेड दॅट द बिल बी पेड.’ नकार असेल तर ‘डझ नॉट’, ‘डिड नॉट’ काही नको, क्रियापदाच्या आधी फक्त ‘नॉट’: ‘सजेस्टेड दॅट ही नॉट साइन.’ कानाला हे विचित्र लागतं, पण बरोबर आहे. कर्ता ‘आय’, ‘यू’, ‘वी’ किंवा ‘दे’ असेल आणि मुख्य वाक्य वर्तमानात असेल, तर फरक बहुधा दिसतच नाही. म्हणून वर्षानुवर्षं इंग्रजी लिहिणाऱ्यांनाही हे रूप नवखं वाटतं.

खरी अडचण पुढे आहे, आणि ‘इन्सिस्टनंतर नेहमी मूळ रूप’ हा पाठ केलेला सल्ला इथेच फसवतो. ‘सजेस्ट’ आणि ‘इन्सिस्ट’ यांना दोन अर्थ आहेत. इन्सिस्ट म्हणजे आग्रह धरणं, आणि इन्सिस्ट म्हणजे एखादी गोष्ट खरीच आहे असं ठासून सांगणं. सजेस्ट म्हणजे सुचवणं, आणि सजेस्ट म्हणजे सूचित करणं, लक्षण दाखवणं. मूळ रूप फक्त पहिल्या अर्थाबरोबर जातं. दुसऱ्या अर्थात साधं, काळाप्रमाणे बदलणारं क्रियापदच हवं. ‘डिमांड’ला हा दुसरा अर्थ नाही, म्हणून तिथे गोंधळ होत नाही.

ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. ‘दे इन्सिस्टेड दॅट द वॉचमन स्लीप ॲट द गेट’ म्हणजे वॉचमनने गेटवरच झोपावं असा त्यांनी आग्रह धरला. ‘दे इन्सिस्टेड दॅट द वॉचमन स्लेप्ट ॲट द गेट’ म्हणजे वॉचमन गेटवर झोपला होता, असं त्यांनी ठासून सांगितलं. पहिल्यात सोसायटीची अट आहे, दुसऱ्यात वॉचमनवर आरोप आहे. एखाद्या हितचिंतकाने ‘स्लीप’चं ‘स्लेप्ट’ केलं तर व्याकरण शाबूत राहतं आणि पत्राचा अर्थ उलटतो. कुणाच्या नोकरीवर बेतेल अशा पत्रात मी ही एक जागा दोनदा वाचते.

ओळखायचं कसं? वाक्य मनात मराठीत म्हणा. क्रियापद ‘करावं, जावं, असावं’ असं विध्यर्थात आलं तर इंग्रजीत मूळ रूप लिहा. ‘करतो, केलं, आहे’ असं आलं तर साधा काळ. आपल्यासाठी याहून भरवशाची कसोटी मला सापडलेली नाही, कारण मराठी विध्यर्थही मुख्य वाक्याच्या काळाने बदलत नाही. ‘त्याने यावं अशी मागणी आहे’, ‘त्याने यावं अशी मागणी होती’: ‘यावं’ जागचं हलत नाही. नकारात तर जोडी अगदी जुळते, कारण आपलं ‘देऊ नये’ जिथे येतं तिथेच त्यांचं ‘नॉट गिव्ह’ येतं. ‘ओलीवरून पाइप गळतोय असं दिसतं’ यात ‘गळावा’ बसतच नाही, म्हणून ‘द डॅम्प पॅच सजेस्ट्स दॅट द पाइप लीक्स’, एससकट. ‘मी खोटं बोलतोय असं सुचवायचंय का तुम्हाला?’ इथेही ‘ॲम लाइंग’, ‘बी लाइंग’ नाही.

एका ठिकाणी मात्र कसोटी लिहिणाऱ्याला कळते आणि वाचणाऱ्याला कळत नाही. ‘दे इन्सिस्ट दॅट द गार्ड्स स्टे हिअर’ यात गार्ड इथे राहावेत की राहतातच, हे इंग्रजी वाक्यावरून ठरत नाही. अशा वेळी सरळ ‘शुड स्टे’ लिहा.

आता एक पूर्ण ठराव घेऊ. ‘कंत्राटदाराने ३१ मार्चपर्यंत काम पूर्ण करावे आणि तोपर्यंत त्याला पैसे देऊ नयेत, अशी समितीने मागणी केली.’ ‘करावे’ म्हणजे ‘कम्प्लीट’. ‘देऊ नयेत’ म्हणजे ‘नॉट बी पेड’, कारण इंग्रजीत कर्ता कंत्राटदारच ठेवायचा आहे. झालं: ‘द कमिटी डिमांडेड दॅट द कॉन्ट्रॅक्टर कम्प्लीट द वर्क बाय ३१ मार्च अँड दॅट ही नॉट बी पेड अनटिल देन.’ दुसरं ‘दॅट’ गाळू नका, नाहीतर पैसे न देणं हाही मागणीचाच भाग आहे हे धूसर होतं.

अमेरिकन इंग्रजीत हेच रूप सर्वमान्य आहे. ब्रिटिश इंग्रजीत ‘शुड’ अधिक रुळलेलं, आणि आपलं शालेय इंग्रजी त्याच वळणाचं, त्यामुळे ‘शुड कम्प्लीट’, ‘शुड नॉट बी पेड’ हेही बिनचूक. पत्र ज्याच्या टेबलावर जाणार तो मूळ रूपाला चूक समजून अडून बसणार असेल, तर मी बेलाशक ‘शुड’ वापरते, पण मग पूर्ण पत्रात तेच. ब्रिटिश लेखनात कधीकधी ‘डिमांडेड दॅट ही लेफ्ट’ असंही सापडतं. ते तुम्ही उचलू नका. ‘इन्सिस्टेड’बरोबर तेच केलंत की पुन्हा वॉचमनचा घोळ.