रेणू ध्रुवीय की अध्रुवीय? या चुका टाळा

इंदूरला रामबागेतल्या माझ्या घरी संध्याकाळी अकरावी-बारावीची मुलं रसायनशास्त्र शिकायला येतात. त्यातली बरीच दिवसा भंवरकुआँला कोचिंगलाही जातात आणि तिथल्या छापील शीट सोबत आणतात. ध्रुवीयतेच्या शीटवर बहुधा एकच चौकट असते: मधल्या अणूभोवती सगळे अणू सारखे असतील तर रेणू अध्रुवीय, वेगळे असतील तर ध्रुवीय. ही चौकट CO₂, BF₃ आणि CCl₄ ला लागू पडते, म्हणून मुलांचा तिच्यावर विश्वास बसतो. मग पाणी येतं. ऑक्सिजनभोवती दोन्ही हायड्रोजन सारखेच, तरी पाणी ध्रुवीय. त्यावर शीटमध्ये खाली बारीक अक्षरात ‘अपवाद’ लिहिलेलं असतं. त्याच यादीत अमोनियाही असतो आणि SO₂ सुद्धा. जो नियम पाण्यालाच अपवाद ठरवतो तो मुलांच्या हातात देऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उलट बाजूनंही तो चुकतो. PCl₃F₂ मध्ये दोन प्रकारचे अणू आहेत, पण दोन फ्लुओरीन वर-खाली समोरासमोर आणि तीन क्लोरीन मधल्या पातळीत १२० अंशांवर बसतात. सगळ्या बंधांची ओढ एकमेकींना खोडते आणि डायपोल मोमेंट, म्हणजे रेणूची टोकं किती धन-ऋण आहेत याचं माप, शून्य होतं.

खरी गोष्ट दोन पायऱ्यांची आहे. आधी बंध बघायचा: दोन अणूंच्या विद्युतऋणतेत, म्हणजे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याच्या ताकदीत, फरक असेल तर इलेक्ट्रॉन एकीकडे ओढले जातात आणि त्या बंधाला एक बाण मिळतो. मग आकार बघायचा: हे बाण अवकाशात कुठल्या दिशांना आहेत आणि त्यांची बेरीज काय होते. पहिली पायरी सगळे करतात. दुसरी पायरी कागदावरच्या चपट्या चित्रावर उरकतात, आणि माझ्या लाल शाईतली निम्मी शाई तिथे खर्च होते.

या चपट्या चित्राचा सगळ्यात मोठा बळी म्हणजे डायक्लोरोमिथेन, CH₂Cl₂. एका हुशार मुलानं शाळेच्या चाचणीत मधे C काढला, डाव्या-उजव्या बाजूला Cl, वर-खाली H, आणि लिहिलं की बंध ध्रुवीय आहेत, पण समोरासमोर असल्यामुळे डायपोल शून्य. गुण गेले. संध्याकाळी तो वही घेऊन आला. ‘काकू, बघा ना, दोन्ही क्लोरीन आमनेसामने आहेत. कट होतात.’ त्याच्या बाजूलाच बसलेल्या मुलीच्या वहीत दोन्ही Cl शेजारी-शेजारी काढलेले होते आणि तिचं उत्तर ‘ध्रुवीय’ होतं. तिला पूर्ण गुण. आता दोघांचं भांडण जुंपलं, कारण त्याचं म्हणणं होतं की रेणू तोच आहे, मग चित्र बदललं म्हणून उत्तर कसं बदलेल? प्रश्न अगदी योग्य होता. तिला गुण मिळाले होते खरे, पण ‘शेजारी काढले म्हणून’ हे तिचंही कारण चूकच होतं.

मी स्वयंपाकघरातून घट्ट कणकेचा गोळा आणि आगपेटीच्या काड्या आणल्या. चार काड्या एकमेकींपासून जितक्या लांब जातील तितक्या लांब खोचायच्या. त्या कागदावरच्या अधिकच्या चिन्हासारख्या राहत नाहीत, चतुष्फलक होतो आणि कुठल्याही दोन काड्यांमध्ये सुमारे १०९.५ अंशांचा कोन येतो. दोन टोकांना राजमा लावला, तो क्लोरीन. दोन टोकांना हरभरा, तो हायड्रोजन. मग त्या मुलाला सांगितलं, आता राजमे समोरासमोर येतील असं दुसरं मॉडेल करून दाखव. त्यानं टोकं अदलाबदल केली, गोळा फिरवला, पुन्हा केली. दर वेळी फिरवून तोच आकार हातात. चतुष्फलकात ‘समोर’ नावाची जागाच नाही, प्रत्येक टोक बाकीच्या तिघांना सारखंच शेजारी असतं.

हा युक्तिवाद जुना आहे. रेणू सपाट चौकोनी असता तर CH₂Cl₂ सारख्या संयुगाचे दोन प्रकार मिळायला हवे होते, एक शेजारचा आणि एक समोरासमोरचा. प्रत्यक्षात एकच मिळतो. १८७४ मध्ये व्हान्ट हॉफनं कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या टोकांकडे जातात असं मांडलं, त्यामागे याच तऱ्हेचा हिशेब होता.

आता बाणांची बेरीज. गोळा असा धरा की दोन राजमे खाली आणि दोन हरभरे वर. पॉलिंगच्या विद्युतऋणतेच्या मापावर क्लोरीन ३.१६, कार्बन २.५५, हायड्रोजन २.२०. म्हणजे C–Cl चे दोन्ही बाण तिरके खाली जातात. C–H चे बाण लहान आहेत, पण हायड्रोजनकडून कार्बनकडे, म्हणजे तेही खालीच. आडवे भाग एकमेकांना खोडतात आणि खाली जाणारे भाग मिळून बेरीज उरते. मोजलेलं डायपोल मोमेंट १.६० डीबाय आहे, डीबाय हे त्याचं एकक.

त्याच गोळ्यावर मी पुढे CCl₄ करून घेते, कारण तिथे शून्य का येतं हे ‘सिमेट्री आहे’ एवढं म्हणून कुणालाच पटलेलं नसतं, फक्त पाठ असतं. एक राजमा सरळ वर ठेवा. उरलेले तीन आडव्या पातळीपासून सुमारे १९.५ अंश खाली झुकतात. १९.५ अंशांचा साइन बरोबर एक तृतीयांश येतो, म्हणजे प्रत्येक तिरका बाण आपल्या लांबीच्या एक तृतीयांश एवढा खाली खेचतो. असे तीन मिळून एक पूर्ण बाण खाली, आणि वरचा एक बाण वर. बाकी शून्य. वरचा राजमा काढून हरभरा लावला की क्लोरोफॉर्म. वर ओढणारा बाण गेला, आणि त्या जागी H कडून C कडे, म्हणजे खाली जाणारा छोटा बाण आला. खालचे तीन तसेच आहेत, म्हणून क्लोरोफॉर्म ध्रुवीय, सुमारे १ डीबाय. एवढं एकदा हातानं केलं की मिथेनची सगळी क्लोरीनवाली भावंडं पाठ करावी लागत नाहीत. पण मुलांना वाटतं कणीक-काड्या म्हणजे सातवी-आठवीचं काम. त्यांना पाच मिनिटं जड वाटतात आणि वर्षभर तीच चूक करणं हलकं वाटतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरी चूक, जिच्यावर मी कधीही तडजोड करत नाही, ती म्हणजे लोन पेअर, म्हणजे बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉनांची जोडी, न काढणं. पाणी H–O–H असं एका रेषेत लिहिलं जातं आणि मग CO₂ सारखंच खोडलं जातं. ऑक्सिजनवरच्या दोन लोन पेअर काढल्या की चार इलेक्ट्रॉन जोड्या होतात आणि रेणू वाकतो. कोन १०४.५ अंश. प्रत्येक O–H बंधाचा बाण साधारण १.५१ डीबाय धरा. कोनाच्या मधून जाणाऱ्या रेषेवर प्रत्येकाचा भाग १.५१ गुणिले कोसाइन ५२.२५, म्हणजे साधारण ०.९२५. दोन्ही मिळून १.८५ डीबाय, आणि मोजमापही तेवढंच. बंधाचा आकडा मोजमापाला जुळवूनच घेतात, त्यामुळे हा पुरावा नव्हे. पण तोच बंध १८० अंशांवर ठेवला की बेरीज शून्य होते, हे त्यातून डोळ्यांना दिसतं. CO₂ मध्ये विद्युतऋणतेचा फरक ०.८९ आहे, बंध चांगलाच ध्रुवीय आहे. तिथे कार्बनवर लोन पेअर नाही, रेणू सरळ आहे, म्हणून शून्य.

याच चुकीचं पुढचं रूप NH₃ आणि NF₃ मध्ये दिसतं. दोन्ही पिरॅमिडसारखे, दोन्हींवर एक लोन पेअर. N–H चा फरक ०.८४, N–F चा ०.९४. फरक बघून मुलं NF₃ ला जास्त ध्रुवीय ठरवतात. मोजलं तर NH₃ चं १.४७ डीबाय आणि NF₃ चं फक्त ०.२४ च्या आसपास. नायट्रोजन वर आणि तीन अणू खाली असं चित्र काढा. अमोनियात बाण H कडून N कडे, म्हणजे वर, आणि लोन पेअरचा बाणही वर. दोघं एकमेकांना जोर देतात. NF₃ मध्ये बाण N कडून F कडे, म्हणजे खाली, आणि लोन पेअरचा वर. दोघं भांडतात आणि थोडंसंच उरतं. जो मुलगा लोन पेअर काढत नाही, त्याच्याकडे या आकड्यांचं काहीच स्पष्टीकरण नसतं. म्हणून माझ्याकडे नियम आहे: मधल्या अणूच्या लोन पेअर लाल पेननं आधी, बाण पेन्सिलनं नंतर. लाल काही दिसलं नाही तर मी पुढचं वाचतच नाही. BF₃ मध्ये बोरॉनवर लाल काही येत नाही, म्हणून तो सपाट त्रिकोण आणि शून्य. तिथे ‘लोन पेअर नाही’ असं शब्दांत लिहून घेते.

बाकीच्या चुका थोडक्यात. भौतिकशास्त्रात डायपोलचा बाण ऋण प्रभाराकडून धन प्रभाराकडे काढतात, रसायनशास्त्राच्या पुस्तकात शेपटीला फुली असलेला बाण ऋण टोकाकडे जातो. एकाच उत्तरात दोन्ही मिसळू नका. उत्कलनबिंदू बघून ध्रुवीयता ठरवू नका: CCl₄ अध्रुवीय असून सुमारे ७७ अंशांना उकळतं, क्लोरोफॉर्म ध्रुवीय असून ६१ ला, कारण CCl₄ चा रेणू मोठा आहे आणि त्यातली इलेक्ट्रॉनांमुळे होणारी तात्पुरती ओढ जास्त आहे. ‘अध्रुवीय रेणू’ लिहिताना ‘बंध अध्रुवीय आहेत’ असं कारण देऊ नका, जोवर ते खरंच तसे नाहीत.

आणि विद्युतऋणतेच्या फरकाला शेवटचा शब्द मानू नका. कार्बन मोनॉक्साइडमध्ये फरक CO₂ एवढाच, ०.८९, पण डायपोल मोमेंट जेमतेम ०.११ डीबाय, आणि तेही कार्बनचं टोक किंचित ऋण असं. ओझोनमध्ये तिन्ही अणू ऑक्सिजनच, फरक शून्य, तरी ०.५३ डीबाय, कारण रेणू वाकलेला आहे आणि मधल्या ऑक्सिजनवर कडेच्या दोघांपेक्षा इलेक्ट्रॉन कमी पडतात. ओझोनचा प्रश्न आला की मी मुलांना त्याची लुईस रचना प्रभारांसकट काढायला लावते. मधल्या अणूवर अधिक एक लिहिलं की बाण कुठून कुठे काढायचा हे त्यांना विचारावं लागत नाही.