बुकीच्या बोर्डाचा फोटो: भावांवरून शक्यता आणि बुकीचा नफा कसा काढायचा

माझा भाचा लीड्सला असतो. यॉर्कच्या रेसकोर्सवर गेला असताना त्याने तिथल्या एका बुकीच्या बोर्डाचा फोटो पाठवला आणि विचारलं, "मामा, या आकड्यांत बुकी स्वतःचं नेमकं किती ठेवतो?" उत्तर फोटोतच असतं: प्रत्येक भावावरून त्या घोड्याची जिंकण्याची शक्यता काढायची, सगळ्यांची बेरीज करायची, आणि ती शंभराच्या वर जेवढी जाते त्यावरून बुकीचा नफा कळतो. मात्र ते काढताना फोटो नीट वाचणं हे भागाकारापेक्षा जास्त जिकिरीचं काम आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

इंग्लंडच्या रेसकोर्सवर बुकीचे बोर्ड आता बहुतेक एलईडीचे असतात. एलईडी सतत उघडझाप करत असतो. आपल्या डोळ्यांना ते जाणवत नाही, पण मोबाइलचा कॅमेरा चित्र ओळीओळीने टिपतो, त्यामुळे फोटोत काळे आडवे पट्टे येतात आणि आकड्याचा एखादा भाग गायब होतो. ८ चा ६ होतो, २ चा १ वाटतो. म्हणून त्याच बोर्डाचे लागोपाठ दोन-तीन फोटो काढायचे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ते डॉक्युमेंट म्हणून पाठवायचे, कारण नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान होतो आणि बारीक आकडे पुसट होतात. फोटो काही सेकंदांच्या अंतरातलेच हवेत. रेस सुटण्याआधीच्या शेवटच्या मिनिटांत भाव सारखे हलतात, आणि दोन वेगळ्या वेळांचे भाव एकत्र केले तर बेरजेला काही अर्थ उरत नाही.

आता बोर्डावरचं काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते ठरवा. प्रत्येक घोड्यासमोर ६/४, ३/१ असा भाव असतो. EVS लिहिलं असेल तर तो १/१, म्हणजे इव्हन मनी. बोर्डावर वरच्या किंवा खालच्या बाजूला 1/4 1-2 असंही काही दिसेल. तो कुठल्या घोड्याचा भाव नाही. घोडा पहिल्या दोनांत येईल यावरही पैसे लावले असतील आणि तो आला, तर भावाच्या चौथ्या हिश्शाने पैसे मिळतील, अशी ती अट आहे. चुकून ती भाव म्हणून धरली तर एकट्या तिचेच ८० टक्के बेरजेत शिरतात. शेवटी रेसकार्ड घेऊन धावणारे घोडे मोजा. माघार घेतलेला घोडा वगळायचा, पण धावणारा एकही सुटता कामा नये.

इंग्लंडमधले भाव सहसा ठरलेल्या पायऱ्यांवरून वरखाली होतात: इव्हन मनीच्या पुढे ११/१०, ६/५, ५/४, ११/८, ६/४, १३/८, ७/४, १५/८, २/१, ९/४, ५/२, ११/४, ३/१ असे. हे माहीत असलं की फोटोत ११/६ दिसल्याबरोबर संशय येतो. तो भाव या पायऱ्यांत नाही, तेव्हा बोर्डावर ११/८ असणार.

भावावरून शक्यता काढणं सोपं आहे. ६/४ म्हणजे ४ पौंड लावले तर ६ जिंकायचे आणि आपले ४ परत. एकूण १० मधले ४ आपले, म्हणून शक्यता ४ भागिले १०, म्हणजे ४० टक्के. उजवा आकडा भागिले दोन्हींची बेरीज, एवढंच सूत्र. फेव्हरिटचा भाव ४/६ असा उलटा असला तरी सूत्र तेच राहतं: ६ भागिले १०, म्हणजे ६० टक्के. भाव दशांशात, म्हणजे २.५० असा लिहिलेला असेल तर १ ला त्याने भागा. उत्तर पुन्हा ४० टक्केच येतं.

स्प्रेडशीट वापरत असाल तर एका खान्यात 6/4 टाइप करू नका. एक्सेल त्याची तारीख करून टाकतं आणि पुढची सगळी आकडेमोड बिघडते. डावा आकडा A मध्ये, उजवा B मध्ये लिहा आणि C मध्ये हे सूत्र द्या:

```
=B2/(A2+B2)
```

भाच्याच्या फोटोत सहा घोडे होते. पहिल्यांदा मी भाव असे वाचले: ६/४, ३/१, ९/१, ७/१, १२/१, २०/१. शक्यता आल्या ४०, २५, १०, १२.५, ७.६९ आणि ४.७६ टक्के. बेरीज ९९.९५.

इथे थांबायचं. एकाच बुकीच्या एकाच वेळच्या भावांची बेरीज १०० च्या खाली आली, तर सगळ्या घोड्यांवर हिशेबाने पैसे लावणाऱ्याला कोणीही जिंकलं तरी फायदाच होईल. असा बोर्ड बुकी लावत नाही. म्हणजे एक तर घोडा सुटला, नाही तर भाव चुकीचा वाचला. घोडे सहाच्या सहा होते. ९/१ हा भावही पायऱ्यांवरचाच, म्हणून आधी संशय आला नव्हता. दुसऱ्या फोटोत पाहिलं तर तिथे ९/२ होता. पहिल्या फोटोत काळा पट्टा नेमका त्या २ वरून गेला होता.

दुरुस्त हिशेब असा:

| घोडा | भाव | शक्यता (टक्के) |
|---|---|---|
| १ | ६/४ | ४०.०० |
| २ | ३/१ | २५.०० |
| ३ | ९/२ | १८.१८ |
| ४ | ७/१ | १२.५० |
| ५ | १२/१ | ७.६९ |
| ६ | २०/१ | ४.७६ |
| | बेरीज | १०८.१३ |

शंभराच्या वरचे हे ८.१३ म्हणजे ओव्हरराउंड. त्याचा अर्थ असा: घोडा १ वर ४० पौंड, घोडा २ वर २५, याप्रमाणे तक्त्यातल्या आकड्यांइतके पैसे लावले तर खिशातून १०८.१३ पौंड जातात आणि कोणीही जिंकलं तरी हातात १०० च येतात. बुकीकडे ८.१३ राहतात. पण ते जमा झालेल्या १०८.१३ मधले आहेत, म्हणून त्याचा नफा ८.१३ भागिले १०८.१३, म्हणजे सुमारे ७.५ टक्के. हे दोन आकडे अनेकजण एकच समजतात. दोन बुकींची तुलना करताना दोघांचा एकाच पद्धतीने काढलेला आकडा घ्या. शिवाय हा नफा भावांत बसवलेला असतो, हातात पडेलच असं नाही. सगळ्यांनी फेव्हरिटवरच पैसे लावले आणि तोच जिंकला, तर बुकीला त्या रेसमध्ये तोटा होतो.

नफा वगळून घोड्याची शक्यता हवी असेल, तर प्रत्येक आकड्याला १.०८१३ ने भागा. फेव्हरिटचे ४० उतरून ३६.९९ होतात, २०/१ वाल्याचे ४.७६ उतरून ४.४०. पण या भागाकारात आपण असं धरतो की बुकीने नफा सगळ्या घोड्यांवर सारख्या प्रमाणात वाटला आहे, आणि सहसा तसं नसतं. मोठ्या भावाचे घोडे त्यांच्या भावावरून वाटतं त्याहूनही कमी वेळा जिंकतात. अमेरिकेतल्या रेसच्या निकालांवरून मानसशास्त्रज्ञ ग्रिफिथ यांनी हा कल १९४९ मध्येच दाखवला होता, आणि ब्रिटनमधल्या अभ्यासांतही तो दिसला आहे. म्हणजे नफ्याचा मोठा वाटा अशा मोठ्या भावाच्या घोड्यांत दडलेला असतो. म्हणून भाच्याला हिशेब कळवताना मी खाली लिहिलं: फेव्हरिटचे ३७ टक्के किंचित कमी धरलेले असतील, आणि शेवटच्या घोड्याचे ४.४० बहुधा जास्त.